फॅटी लिव्हर निघालंय? तूप नंतर बघू, आधी चहाचा हिशेब करा

सोनोग्राफीच्या कागदावर 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' असं आलं की माणूस घरी येऊन सगळ्यात आधी तूप बंद करतो. पोळीला तेल लावू नका, अंड्यातलं पिवळं नको, शेंगदाण्याचं कूट नको, असं फर्मान निघतं. मग 'आता मी फक्त फळांवर' म्हणत संध्याकाळी स्टेशनबाहेर मोसंबीच्या ज्यूसचा मोठा ग्लास साखर घालून घेतला जातो. मुलुंडला आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे मी इतक्यांदा पाहिलंय, की नवीन माणूस समोर बसला की मी तेलाचं विचारतच नाही. आधी विचारते, दिवसाला चहा किती?

यकृतात साठलेली चरबी येते कुठून, यावर अभ्यास झालेले आहेत. त्यांचा ढोबळ हिशेब असा, की निम्म्याहून जास्त चरबी आपल्याच अंगावरून, विशेषतः पोटाच्या घेरातून, रक्तावाटे यकृतात उतरते. साधारण एक चतुर्थांश यकृत स्वतःच साखर आणि पिठूळ पदार्थांपासून बनवतं. ताटातल्या तेलातुपातून थेट येणारी चरबी उरलेली, म्हणजे सुमारे १५ टक्के. तेल मोकाट सोडा असा याचा अर्थ नाही. पण कशाला आधी हात घालायचा, हे यातून कळतं: आधी साखर, मग मैदा-भात, मग तेल, आणि हे सगळं करताना वजन हळूहळू खाली. हा लेख त्याच क्रमाने जातो.

सोबत एक उदाहरण घेते. भांडुपचे एक गृहस्थ, वय ४४, फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्सला. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, बेंबीवरून घेर १०१ सेंटिमीटर. ऑफिसच्या आरोग्य तपासणीत ग्रेड २ निघालं. बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "मॅडम, मी आयुष्यात दारूला हात लावला नाही, मग लिव्हर कसं बिघडलं?"

आधी रिपोर्ट नीट वाचा

दारूशिवायही यकृतात चरबी साठते आणि तिचं नातं वजन, पोटाचा घेर आणि रक्तातल्या साखरेशी असतं. यकृताच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी दिसली तर त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. सोनोग्राफीवरचा ग्रेड म्हणजे यकृत पडद्यावर किती पांढरट दिसलं याचा डोळ्यांनी केलेला अंदाज. बघणारा बदलला तर तो थोडा इकडेतिकडे होतो. शिवाय थोडी चरबी असेल तर सोनोग्राफीत ती निसटूनही जाते.

ग्रेडपेक्षा महत्त्वाचं हे, की यकृत कडक होऊ लागलंय का. ते ग्रेडवरून कळत नाही. त्यासाठी डॉक्टर वय, रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स म्हणजे एसजीओटी आणि एसजीपीटी, आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून 'फिब-४' नावाचा साधा हिशेब करतात आणि गरज वाटली तर यकृताचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन सांगतात. आमच्या गृहस्थांचं एसजीओटी ४६, एसजीपीटी ७८, प्लेटलेट २ लाख ४० हजार. हिशेब ०.९५ आला. १.३ च्या खाली असेल तर यकृत फार कडक झालेलं असण्याची शक्यता कमी धरतात. म्हणजे त्यांचं काम आहारावर भागण्यासारखं होतं. तुमचा आकडा वर असेल, सिरोसिस असेल, गरोदरपण असेल, तर पुढचं वाचून स्वतःच सुरुवात करू नका, आधी डॉक्टर. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तरी आधी विचारा, कारण भात-साखर कमी झाली आणि गोळी तीच राहिली तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते.

पहिले तीन आठवडे: फक्त पिण्यातली साखर

मी त्यांना पहिल्या दिवशी डाएट चार्ट दिला नाही. आठवडाभर तोंडात जे जाईल ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा, एवढंच सांगितलं. "मी गोड खातच नाही हो, फार तर सणासुदीला," असं त्यांनी जाताना ठासून सांगितलं होतं. आठवड्याने यादी आली ती अशी. सकाळी साडेसहाला चहा, दोन चमचे साखर, सोबत चार ग्लुकोज बिस्किटं. ऑफिसात अकरा, तीन आणि पाचला कटिंग. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी पकडण्याआधी वडापाव आणि मोसंबी ज्यूस. घरी आल्यावर पुन्हा चहा, दोन चमचे.

चहाचा एक चमचा साखर म्हणजे साधारण ५ ग्रॅम. घरचे दोन चहा मिळून २० ग्रॅम. टपरीची कटिंग छोटी असली तरी पाक असतो. दीड चमचा धरला तर तीन कटिंगचे २२ ग्रॅम. ज्यूसवाल्याने घातलेले तीन चमचे, १५ ग्रॅम. बिस्किटांतून आणखी पाच. झाले ६२ ग्रॅम, तेही 'गोड न खाता'. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे वळवला आणि महिन्याचा गुणाकार करा म्हटलं. अकाउंट्सचा माणूस, १ किलो ८६० ग्रॅम हा आकडा बघून दोन मिनिटं गप्प बसला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, म्हणजे पाचसहा चमचे.

साखरेलाच इतकं धरायचं कारण तिच्या घडणीत आहे. साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज, निम्मा फ्रुक्टोज. ग्लुकोज स्नायू, मेंदू, सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा मोठा भाग मात्र यकृताकडेच जातो, आणि एकाच वेळी भरपूर आलं की यकृत त्याची चरबी करून ठेवतं. त्यातही पिण्यातून आलेली साखर वाईट. ती झपाट्याने पोहोचते आणि पोट भरल्याची जाणीवही देत नाही. म्हणूनच अख्खं मोसंबं चालतं, ज्यूस चालत नाही. मोसंबं सोलून खाल्लं तर एकात माणूस थांबतो, ग्लासात मात्र तीनचार पिळलेली असतात आणि चोथा बादलीत गेलेला असतो.

इथे गुळाचा मुद्दा हमखास निघतो. हल्ली गुळाच्या चहाची दुकानं नाक्यानाक्यावर झाली आहेत आणि लोक तिथे औषध प्यायल्यासारख्या समाधानाने चहा पितात. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. थोडं लोह-खनिज असतं, पण चहातल्या चमच्याने त्याचा हिशेब बदलत नाही. मधात तर फ्रुक्टोज भरपूर. यकृताला तुम्ही उसाचं कुठलं रूप घेतलं हे कळत नाही.

आता चहा कसा कमी करायचा? घरचा सोपा: दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. जीभ दोनतीन आठवड्यांत रुळते आणि मग जुना चहा पाकासारखा लागतो. अडचण टपरीची आहे. तिथे साखर पातेल्यातच उकळलेली असते, त्यामुळे 'साखर कमी' म्हणून काही होत नाही. 'फिका' वेगळा मागावा लागतो, आणि गर्दीत अण्णा एका फिक्यासाठी वेगळं पातेलं चढवायला तयार होईलच असं नाही. म्हणून आम्ही ठरवलं, की तीनपैकी एकच कटिंग, अकराची, मित्रांसोबत. तीनला ऑफिसच्या मशिनची काळी कॉफी, बिनसाखरेची. कॉफी पिणाऱ्यांत यकृत कडक होण्याचं प्रमाण कमी दिसतं असे बरेच अभ्यास आहेत. पण साखर-दूध घालून तिचा हलवा केला तर त्या अभ्यासाचा आधार घेऊ नये. पाचचा चहा गेला. त्या जागी काय आलं, ते पुढे सांगते.

ज्यूस, उसाचा रस, शीतपेय, सरबत, पाकिटातली लस्सी हे सगळं या तीन आठवड्यांत बंद. तहान लागली तर पाणी, घरचं ताक, बिनसाखरेचं कोकम. ऊन फारच असेल तर शहाळं चालतं, रोज नको. तीन आठवड्यांनी त्यांची साखर २० ग्रॅमच्या आत आली होती आणि वजन दीड किलो उतरलं होतं. त्यातलं बरंचसं पाणी असतं, त्यावर फार खूश व्हायचं नाही, हे मी तेव्हाच बजावलं.

मग मैदा, पाव आणि भाताचा डोंगर

वडापाव का खाल्ला जातो? चव आहेच, पण खरं कारण दुपारच्या डब्यात असतं. त्यांचा डबा म्हणजे चार पोळ्या, बटाट्याची किंवा दुधीची भाजी, आणि वर भात-वरण, तेही पातळ. पोट गच्च भरायचं, तीन वाजता डुलकी यायची आणि साडेसहाला फलाटावर तळणीचा वास आला की हात खिशात. पीठ आणि भात भरपूर, डाळ-उसळ नाममात्र, असं जेवण पटकन चढतं आणि पटकन उतरतं. रक्तातली साखर उसळली की इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन वाढलेलं असलं की यकृताला चरबी बनवण्याचा इशारा मिळतो. मैदा, पाव, खारी, टोस्ट, साबुदाणा, पांढरा भात यांचा त्रास हाच. त्यांत विष नाही. चोथा नाही, आणि आपण ते ढीगभर खातो, एवढंच.

म्हणून आम्ही वडापाव बंद करण्याऐवजी डबा बदलला. दोन पोळ्या. भाताचा डबाच काढून टाकला; भात फक्त रात्री, आमटीच्या वाटीने एक वाटी, सपाट. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांपैकी कुठल्यातरी उसळीची भरलेली वाटी रोज. हिरवी किंवा फळभाजी जास्त. काकडी-गाजर-मुळा चिरून वेगळ्या डबीत. खायचा क्रमही सांगितला: आधी काकडी-गाजर, मग उसळ-भाजी, पोळी सगळ्यात शेवटी. क्रम बदलल्याने जेवणानंतरची साखर कमी उसळते, आणि पोळीपर्यंत येईतो भूक अर्धी झालेली असते.

पाचच्या चहाच्या जागी मूठभर भाजलेले चणे, साधारण ३० ग्रॅम. त्यात सहासात ग्रॅम प्रथिनं मिळतात. कधी उकडलेलं अंडं. चणे ड्रॉवरमध्ये डब्यात ठेवायचे, 'वाटेत घेईन' म्हणून चालत नाही. पहिल्या आठवड्यात ते चणे घरी विसरले तीनदा, आणि तीनही दिवस वडापाव झाला. चौथ्या दिवशी त्यांनी अर्धा किलो चणे ऑफिसातच नेऊन ठेवले. पुढे वडापाव आठवड्यात पाचवरून एकावर आला, शुक्रवारी, आणि तो एक मी कधी काढला नाही.

इथे लोक एक चूक फार करतात, तीही चांगल्या हेतूने. पोळी सोडून भाकरीवर जातात. ज्वारी-बाजरी-नाचणी चांगली आहे, तिच्यात चोथा जास्त आहे, मान्य. पण एका मोठ्या भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं आणि फुलक्याला २०-२५. म्हणजे एक भाकरी जवळपास तीन फुलक्यांएवढी. 'भाकरीच खातोय मॅडम' म्हणत कुणी जेवणाला दोन भाकऱ्या खात असेल तर तो सहा फुलके खातोय. अर्धी ते पाऊण भाकरी, बास.

तसंच नाश्त्याचं. पोहे-उपमा सोडायची गरज नाही, पण बशीभर नुसते पोहे म्हणजे नुसता भातच. पोहे अर्धे करून त्यात मटार, दाणे, गाजर घाला आणि सोबत वाटीभर दही किंवा अंडं घ्या. मुगाचं धिरडं, थालीपीठ कमी तेलावर, हे आणखी बरं. 'शुगर फ्री' आणि 'डायजेस्टिव्ह' बिस्किटांच्या पुड्याची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीनांत रिफाइंड गव्हाचं पीठ, म्हणजे आपला मैदा, आणि पामतेल दिसलं तर समोर काय छापलंय याला अर्थ नाही. माल्टोडेक्स्ट्रिन, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेच्याच घरातली मंडळी.

तेल: थेंब मोजू नका, डबा मोजा

चमच्याने तेल मोजायला सांगितलं तर आठवडाभर मोजतात, मग फोडणी पुन्हा हाताच्या अंदाजाने. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे डब्यावर तारीख लिहा. त्यांच्या घरी चार माणसं आणि ५ लिटरचा डबा महिन्यात संपत होता. म्हणजे माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर, आठ चमचे. मला माणशी चार चमचे हवे होते, म्हणजे महिन्याला ६०० मिलिलिटर. चार माणसांचे अडीच लिटरच्या आत. थोडक्यात, तोच डबा दोन महिने पुरला पाहिजे. हे त्यांच्या पत्नीने हातात घेतलं, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात सर्वांत चोख काम त्यांचंच झालं. तळण पंधरवड्यातून एकदा, भाजीला फोडणी दोन चमच्यांत, तळलेलं उरलेलं तेल पुन्हा तळणीला नाही.

कुठलं तेल, यावर घराघरात भांडणं आहेत. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी यांतलं कुठलंही चालेल, आलटून पालटून घ्या. जपायचं ते घट्ट चरबीला: पामतेल, वनस्पती तूप, लोणी, चीज, आणि रोजच्या रश्शातलं नारळाचं घट्ट दूध. स्वीडनमध्ये उप्साला इथे २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी मी नेहमी सांगते. ३९ सडपातळ तरुणांना सात आठवडे जादा मफिन खायला दिले. काहींचे पामतेलातले, काहींचे सूर्यफूल तेलातले. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं, साधारण दीड किलो. पण पामतेलवाल्यांच्या यकृतात चरबी स्पष्टपणे जास्त साठली. आपल्याकडे ते मफिन म्हणजे खारी, टोस्ट, फरसाण आणि बेकरीची नानकटाई.

घरचं तूप वरणभातावर चमचाभर राहू द्या. मालवणी घरांत विचारतात म्हणून सांगते: भाजीवर भुरभुरलेलं ओलं खोबरं त्रास देत नाही. रोज दोन वाट्या नारळाचा रस्सा आणि वर सोलकढी, हे आठवड्यातून दोनदावर आणा. बांगडा, तारली हे मासे तर हवेतच, त्यांच्यातलं तेल उपयोगाचं. फक्त रवा लावून तेलात पोहणारे नकोत. तव्यावर चमचाभर तेलात किंवा तिरफळ घालून तिखलं करा.

वजन किती आणि किती वेगाने

सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के उतरले की यकृतातली चरबी कमी व्हायला लागते. सूज असेल तर ती ओसरायला सात टक्क्यांच्या आसपास लागतात, आणि यकृत कडक होऊ लागलं असेल तर दहाच्या पुढे. ८२ किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे पावणेसहा किलो. म्हणजे लक्ष्य साधारण ७६. 'उंचीप्रमाणे आदर्श वजन ६५' वगैरे तक्ते मी दाखवतच नाही, माणूस तिथेच हाय खातो. आणि वजन मुळातच कमी असून फॅटी लिव्हर असणारेही आपल्याकडे बरेच आहेत. त्यांना तीन ते पाच टक्केही पुरतात, त्यांनी घेराकडे बघावं: पुरुषांचा ९०, बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

वेग आठवड्याला अर्धा किलो. त्यासाठी दिवसाला साधारण ५०० कॅलरी कमी लागतात, आणि त्या आधीच निघाल्या होत्या. साखर ६२ वरून २० ग्रॅमवर: १७० गेल्या. तेल निम्मं: आणखी १७०. वडापाव पाचचा एक आणि दोन पोळ्या-भात कमी, त्या बदल्यात उसळ आणि चणे आत: सरासरी दीडएकशे. उपाशी राहायची वेळ कुठे आली नाही. व्यायाम म्हणून त्यांनी रात्री जेवल्यावर सोसायटीतच अर्धा तास झपझप चालायला घेतलं, आठवड्यातून पाच दिवस.

एक किलोपेक्षा वेग जास्त का नको? उपासमार झाली की अंगावरची चरबी भराभर सुटते आणि ती आधी यकृतातच येते. यकृताची सूज वाढू शकते, पित्ताशयात खडे होऊ शकतात, आणि उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो. लग्नाआधी पाच आठवड्यांत नऊ किलो उतरवून आलेली एक मुलगी मला आठवते. सकाळी दुधीचा रस, रात्री सूप, एवढ्यावर होती. ड्रेस बसला, पण एसजीपीटी आधीपेक्षा वर गेलं होतं आणि उजव्या बरगडीखाली कळा येत होत्या. सोनोग्राफीत खडे निघाले. पहिल्या तीन आठवड्यांनंतरही काटा आठवड्याला किलोच्या वर पळत असेल, केस गळत असतील, जिने चढताना पाय भरून येत असतील, तर खाणं वाढवा, विशेषतः डाळी, अंडी, दही.

लिव्हर 'साफ' करणाऱ्या काढ्यांबद्दल एवढंच सांगते. मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेपही घेतला. तो वाद काहीही असो, आधीच दुखावलेल्या यकृतावर काढे, पावडरी आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या यांचा प्रयोग डॉक्टरांना न विचारता करू नका. आणि दारू पीत असाल तर ती या काळात पूर्ण बंद.

मध्ये अडलं तेव्हा

फेब्रुवारीत सुरू केलं होतं. एप्रिलअखेर ७८ किलो ५०० ग्रॅमवर काटा आला आणि तिथेच बसला, तीन आठवडे. ते वैतागले, "मॅडम, सगळं तसंच चालू आहे." पुन्हा लिहायला लावलं. देवगडहून पेटी आली होती. रोज रात्री आमरस-पोळी, रसात वेलचीबरोबर थोडी साखर. आंबा बंद करा असं कोकणी माणसाला सांगायची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही. अर्धा हापूस, कापून, दुपारच्या जेवणात, त्या दिवशी एक पोळी कमी. रस नाही. दोन आठवड्यांत काटा हलला.

श्रावणात दुसरी अडचण. सोमवार, शनिवार उपवास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दिवसभर साखरेचा चहा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. उपवासाच्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त पीठ आणि तेल पोटात जातं. त्याऐवजी वरीचे तांदूळ एक वाटी, दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, एखादं फळ. घरच्या सासूबाईंना साबुदाण्याशिवाय उपवास पटेना. मग महिन्यातून एकदा खिचडी, त्यांच्या हातची, असा तोडगा निघाला.

वजन आठवड्यातून एकदाच बघा, ठरलेल्या वारी, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर. घेर पंधरा दिवसांनी, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता. कधी कधी वजन थांबतं आणि घेर उतरत राहतो. तेव्हा काम चालू आहे असं समजा. रक्ताची तपासणी तीन महिन्यांनी, सोनोग्राफी सहा महिन्यांच्या आत नको. ती उपाशीपोटी आणि शक्यतो त्याच सेंटरला करा, म्हणजे जुन्या-नव्याची तुलना होईल. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून चरबी गेली असं धरू नका. बऱ्याच जणांचं ते पहिल्यापासूनच नॉर्मल असतं.

ऑगस्टमध्ये ते रिपोर्ट घेऊन आले, पत्नीसह. वजन ७६ किलो ५०० ग्रॅम, घेर ९४, एसजीपीटी ४१. सोनोग्राफीवर ग्रेड १. चेहरा पडलेला, की अजून आहेच. मी म्हटलं, घेर अजून चार सेंटिमीटर जायचाय, तोवर ते राहील. औषध काही वाढवायचं नाही, आहे तेच पुढे सहा महिने. मग खरा प्रश्न आला, गणपतीत मोदक किती? दोन, दुपारच्या जेवणात, त्या दिवशी भात नाही, असं मी सांगितलं. एका दिवसाच्या मोदकांची भीती नाही. दहा दिवस ज्या ज्या घरी दर्शनाला जाल तिथला पेढा आणि सरबत, त्याचा हिशेब ठेवा. ते मान डोलावत होते, तेवढ्यात पत्नीने विचारलं, "पण मॅडम, उकडीचे की तळणीचे?" आणि मी उत्तर द्यायच्या आत तेच म्हणाले, "उकडीचे. तेलाचा डबा ऑक्टोबरपर्यंत पुरवायचाय."